तिची ओढ खरी आहे, पण ती तुमच्याकडे आहे का?

*ताई, माझं वय ३६. गेली तीन वर्षं एकटाच आहे. दोन महिन्यांपूर्वी मित्रांमुळे तिची ओळख झाली. तेव्हा तिचं आठ वर्षांचं नातं तुटून जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यानेच ते अचानक संपवलं. पहिल्या भेटीपासून तिने मला अक्षरशः वेढून टाकलंय. सकाळी डोळे उघडायच्या आत मेसेज, रात्री साडेदहाला फोन, तो तासभर चालतो. तिसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "मला इतकं समजून घेणारं कुणी भेटलंच नव्हतं." "तू त्याच्यासारखा नाहीस" हे तर रोजचंच. मध्यंतरी सामानाच्या वाटणीवरून त्याचा मेसेज आला, तेव्हा दोन दिवस ती गायब होती. परतली ती दुप्पट जोराने. आता पुढच्या महिन्यात आईवडिलांना भेट म्हणते, वर्षअखेरीस एकत्र राहू म्हणते. मला ती खूप आवडते. मित्र म्हणतात, हा रिबाउंड आहे, जुनं नातं तुटल्याची पोकळी भरायला घाईने जोडलेलं नातं, निदान सहा महिने थांब. मी थांबू? की बाजूला होऊ?*
— गोंधळलेला

प्रिय मित्रा,

आधी माझं मत सांगते, मग त्यामागची कारणं. तुम्ही लिहिलंय त्यावरून आत्ताच्या या वेगाचा बराच मोठा भाग तुटलेल्या नात्यातून आलेला दिसतो. तुमच्याबद्दलच्या ओढीचा वाटा त्यात आहे, पण तो किती हे तुम्हाला आणि तिलाही अजून कळायचंय. म्हणून लगेच बाजूला व्हा, असं मी म्हणणार नाही. आणि सहा महिने नुसते थांबा, असंही म्हणणार नाही, कारण नुसतं थांबून काहीच कळत नाही.

सहा महिन्यांचा हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्याला आधार फारसा नाही. क्लॉडिया ब्रमबॉ आणि ख्रिस फ्रेली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली नेमका हाच विषय अभ्यासला. ब्रेकअपनंतर ज्यांचं नवं नातं लवकर सुरू झालं, त्यांची मानसिक स्थिती आणि त्यांचं नवं नातं उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा वाईट निघालं नाही, उलट काहीसं बरंच निघालं. त्याआधी २००७ साली निकोलस वुल्फिंगर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पाहणीची आकडेवारी घेऊन घटस्फोटानंतर लवकर केलेली लग्नं जास्त मोडतात का, हे तपासलं होतं. तसं काही दिसलं नाही. यावरून लवकर नातं जोडणं चांगलं, असा निष्कर्ष मात्र काढू नका. ज्यांना स्वतःबद्दल विश्वास असतो, ज्यांच्यात मुळात उभारी असते, त्यांनाच नवा जोडीदार लवकर भेटत असेल, हेही शक्य आहे. शिवाय हे सगळे सरासरीचे हिशोब आहेत, तुमच्या दोघांचा नाही. पण एवढं नक्की की कॅलेंडरकडे पाहून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

मग पाहायचं कशाकडे? मी सर्वात आधी विचारते की नातं कुणी संपवलं आणि मनातून ते कधी संपलं. जो नातं सोडतो, तो बहुतेक वेळा बाहेर पडण्याच्या कितीतरी आधीपासून मनातल्या मनात निरोप घेत असतो. रडणं, राग, पश्चात्ताप, हिशोब, यातलं बरंचसं तो एकाच घरात राहत असताना करून मोकळा झालेला असतो. ज्याला सोडलं जातं, त्याचं हे सगळं त्या दिवसापासून सुरू होतं.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईंचं उदाहरण देते, ओळख पटेल असे तपशील बदलून. त्यांना भेटलेला माणूस अकरा वर्षांच्या नात्यातून बाहेर पडून महिनाही झाला नव्हता. बाई घाबरून आल्या होत्या, कारण तारखेच्या हिशोबात हा शंभर टक्के रिबाउंड होता. बोलता बोलता कळलं की शेवटची अडीच वर्षं ते दोघं वेगळ्या खोल्यांत झोपत होते, त्यातलं एक वर्ष तो स्वतः समुपदेशकाकडे जात होता, आणि वेगळं व्हायचं त्याने पुरतं ठरवल्यावरही घराचा करार संपेपर्यंत तो तिथे थांबला होता. मी बाईंना एकच प्रश्न त्याला विचारायला सांगितला: "तुमचं का बिनसलं?" त्याने दोघांच्या चुका सांगितल्या, स्वतःच्या जरा जास्तच. ती अशी, ती तशी, असं एकदाही म्हणाला नाही. भांडण झालं की मी गप्प बसायचो, आठवडा आठवडा बोलायचो नाही, त्यात तिची दमछाक झाली, असं त्याने सांगितलं. आणि पुढे म्हणाला, "ही सवय अजून पूर्ण गेलेली नाही, तुलाही कधीतरी तिचा त्रास होईल." ज्याचा शोक बराचसा होऊन गेलाय, त्याचं बोलणं असं असतं. त्यात जुना जोडीदार एक माणूस म्हणून उभा राहतो, त्याला पूर्ण काळा रंग द्यायची गरज उरलेली नसते. त्या माणसाचा महिना अनेकांच्या दोन वर्षांहून मोठा होता.

तुमच्या पत्रातल्या तिची परिस्थिती याच्या उलट आहे. तिला सोडलं गेलं, तेही अचानक. आठ वर्षांचं नातं असं तुटतं तेव्हा दोन वेगवेगळ्या जागा रिकाम्या होतात, आणि त्या दोन्ही समजून घेतल्या की तिचा वेग तुम्हाला बराचसा उलगडेल.

पहिली जागा अगदी शरीराची आहे. दीर्घकाळ सोबत राहिलेल्या दोन माणसांचं झोपणं, उठणं, दिवसाचा ताण उतरणं हे सगळं एकमेकांवर टेकलेलं असतं. झोपण्याआधी कुणाशी तरी बोलायचं, वाईट बातमी आधी कुणाला सांगायची, सकाळी पहिला शब्द कुणाशी, हे रोज वेगळं ठरवावं लागत नाही. तो माणूस गेला की ही घडी विस्कटते. झोप उडते, छातीत धडधडतं, संध्याकाळ अंगावर येते. अशा वेळी ज्याचा आवाज ऐकून शांत वाटतं, तो माणूस हवाहवासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आता तुमच्या रात्री साडेदहाच्या फोनकडे बघा. ही वेळ कुणी ठरवली? तुमच्या दोघांच्या सोयीतून ती निघाली, की पहिल्या आठवड्यापासून ठरलेलीच होती? कधी सहज विचारून पाहा. आठ वर्षं साडेदहाला ती कुणाशी तरी बोलतच होती, असं उत्तर आलं तर मला नवल वाटणार नाही. म्हणून ती खोटं वागतेय असं नाही. तुमच्याशी बोलून तिला खरंच बरं वाटतं. प्रश्न इतकाच आहे की बरं वाटायला तुम्हीच लागता, की त्या वेळेला कुणीतरी असणं लागतं.

दुसरी जागा "मी कोण" या प्रश्नाची आहे. एरिका स्लॉटर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की ब्रेकअपनंतर माणसाची स्वतःबद्दलची कल्पनाच धूसर होते, आणि हा गोंधळ जितका जास्त तितका मनाचा त्रासही जास्त. आठ वर्षांत आपल्या आवडी, आपलं मित्रमंडळ, पुढच्या आयुष्याचं चित्र, सगळं दोघांचं मिळून झालेलं असतं. एका दिवसात त्यातला अर्धा भाग निघून जातो. मग आईवडिलांची भेट, एकत्र घर, पुढच्या वर्षीचे बेत यांची घाई होते, कारण चित्र तर तयार आहे, त्यातली एक जागा फक्त भरायची राहिलीय. मला या घाईची काळजी फोन-मेसेजपेक्षा जास्त वाटते. मेसेज कमी करता येतात. एकत्र घर घेतलं की मागे वळणं दोघांनाही महाग पडतं.

आता "तू त्याच्यासारखा नाहीस" बद्दल. ऐकायला गोड असलं तरी या वाक्यात तुम्ही कुठे आहात, ते शोधून पाहा. ती तुमचं जे कौतुक करते, ते थोडं आठवा आणि त्याचे दोन भाग करा. एका बाजूला तुम्ही काय करत नाही: ओरडत नाही, दुर्लक्ष करत नाही, फोन बंद ठेवत नाही. दुसऱ्या बाजूला तुम्ही कोण आहात: कशावर हसता, कोणत्या विषयावर बोलायला लागलात की थांबत नाही, कशाने चिडता, या एकट्या तीन वर्षांत तुमच्यात काय बदललं. पहिली बाजू भरून वाहत असेल आणि दुसरी जवळजवळ कोरी असेल, तर ती अजून त्याच्याशीच बोलतेय, फक्त तुमच्यामार्फत. कुतूहल ही फार चांगली खूण आहे. खऱ्या ओढीत माणूस प्रश्न विचारतो, आणि उत्तरं लक्षात ठेवतो. मागच्या महिन्यात तुम्ही तिला ऑफिसातली एखादी अडचण सांगितली असेल. पुढे तिचं काय झालं, हे तिने आपणहून विचारलं का? तिच्या कौतुकात असलेली, पण तुमच्यात नसलेली एखादी गोष्ट तुम्ही दुरुस्त केलीत, तर ती थबकून ऐकते की पुढे जाते? "इतकं समजून घेणारं कुणी" या तिच्या शब्दांत तुम्ही तिला समजून घेताय. तिने तुम्हाला किती समजून घेतलंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते नजरचुकीने राहिलं असेल, तर फारच उत्तम.

त्या दोन दिवसांबद्दल मी तुमच्या मित्रांइतकी कठोर होणार नाही. आठ वर्षांच्या संसारात सामान असतं, पैसे अडकलेले असतात, कागदपत्रांवर दोघांची नावं असतात. त्याच्याशी संपर्क येणारच, आणि आला तर तिला त्रासही होणार. त्रास झाला, यात दोष काहीच नाही. मला पाहायचंय ते हे की परत आल्यावर ती काय म्हणाली. "त्याचा मेसेज आला, मी कोसळले, कुणाशी बोलावंसं वाटेना" असं तिने सांगितलं असेल, तर तिला स्वतःचं दुखणं दिसतंय. काहीच घडलं नाही अशा थाटात दुप्पट प्रेमाने आली असेल, तर ते प्रेम त्या दुखण्यावरचं औषध म्हणून आलंय.

हे एकाच प्रसंगावरून ठरवू नका. एका संध्याकाळी शांत बसून तुमचे दोन महिन्यांचे मेसेज चाळा. ज्या दिवशी तिने त्याचा विषय काढला, किंवा सामान, पैसे, सामाईक मित्रांचा कार्यक्रम असं काही घडलं, ते दिवस एका कागदावर लिहा. मग ज्या दिवशी तिची ओढ उतू जात होती, "आपण एकत्र राहूया" सारखी मोठी वाक्यं आली, ते दिवस दुसऱ्या रकान्यात लिहा. दोन्ही रकाने पुन्हा पुन्हा एकमेकांच्या पाठोपाठ येत असतील, तर तिच्या भरती-ओहोटीचा चंद्र तुम्ही नाही. आणि ती वाक्यं तुमच्या एखाद्या छान भेटीनंतर, तुम्ही मोकळेपणाने काही सांगितल्यानंतर आली असतील, तर माझं सुरुवातीचं मत चुकीचं ठरेल, आणि मला त्याचा आनंदच होईल. हा कागद तिला दाखवायचा नाही, भांडणात काढायचा तर कधीच नाही. तो फक्त तुमच्यासाठी आहे.

यानंतर करायची गोष्ट एकच आहे: वेग कमी करा, आणि तो तिला सांगून कमी करा. इथे बरेच जण चुकतात. ती काय करते बघू, म्हणून न सांगता उत्तरं उशिरा देतात, फोन टाळतात. ज्या माणसाला नुकतंच अचानक सोडलंय, त्याला ही चुप्पी तोच घाव पुन्हा देते. ती बिथरेल, चिकटेल, रडेल, आणि तुम्ही म्हणाल, "बघा, रिबाउंडच होता." खरं तर तुम्ही जी परीक्षा घेतली, तिच्यात कुणीही नापास झालं असतं. म्हणून समोरासमोर बसून सांगा. शब्द तुमचेच असू देत, पण साधारण असं: "तू मला आवडतेस आणि मला कुठेही जायचं नाहीये. पण तुझं मोठं नातं आत्ताच तुटलंय, आणि मला वाटतं आपण आपल्या नात्याच्या वयापेक्षा जोरात पळतोय. पुढचे दोन महिने आठवड्यातून दोनदा भेटू, रोज रात्रीऐवजी एक दिवसाआड बोलू. घरच्यांची भेट आणि एकत्र राहण्याचा विषय तोवर बाजूला ठेवू. दोन महिन्यांनी पुन्हा बसून बोलू." मुदत सांगणं महत्त्वाचं आहे. "थोडं हळू घेऊ" एवढंच म्हणालात, तर तिला त्यात निरोप ऐकू येईल.

पहिल्या दिवशी तिचा चेहरा पडेल, कदाचित ती रागावेल. त्यावरून काही ठरवू नका. पहिले दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि मोकळ्या झालेल्या रात्री ती काय करते, हे तिच्या बोलण्यातून ऐका. ती सुटलेल्या मैत्रिणींना फोन करायला लागली, एकटी राहून रडली आणि तुम्हाला तसं सांगू शकली, एखाद्या रात्री तिला त्याची आठवण आली हे तिने लपवलं नाही, तर तिचं दुःख आपल्या जागी जायला लागलंय. अशा वेळी तुमच्या दोघांच्या भेटी कमी पण भरीव होतात. कदाचित तिचा जोर ओसरेलही, आणि तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल. तो ओसरल्यावर जे उरेल, तेवढंच तुमच्या नावचं आहे, आणि ते पुरेसंही असू शकतं.

दुसरीकडे, दर दोन दिवसांनी ठरलेलं मोडायचा आग्रह होत असेल, "तूही मला सोडणारच आहेस" हे वाक्य तुम्हाला बांधून ठेवायला वापरलं जात असेल, किंवा दुसऱ्याच आठवड्यात ती शांतपणे दुसऱ्या कुणाकडे वळली असेल, तर तिला सध्या माणूस नको, आधार हवाय. तो आधार तिला मिळायला हवा, फक्त प्रियकराच्या वेशात नको. आणि एक गोष्ट थोडक्यात पण स्पष्ट सांगते. तुम्ही नाही म्हटल्यावर धमक्या, पाळत, न सांगता दारात येऊन उभं राहणं, तुमचा फोन तपासणं, असं काही सुरू झालं तर त्याला रिबाउंड म्हणून समजून घेत बसू नका. तो प्रश्न वेगळा आहे आणि तिथे ताबडतोब अंतर घ्यायचं असतं.

"मी तुझ्यासाठी रिबाउंड आहे का?" हा प्रश्न मात्र तिला विचारू नका. ती "नाही" म्हणेल, मनापासून म्हणेल, आणि त्याने तुमचं काहीच समाधान होणार नाही. आतून हे कुणालाच दिसत नाही. त्यापेक्षा त्या बाईंनी विचारला तसा, त्यांचं का बिनसलं हा प्रश्न विचारा, आणि ऐकून घ्या. त्यात तिचा स्वतःचा वाटा तिला दिसतो का? आज दिसला नाही तर हरकत नाही, अडीच-तीन महिन्यांत तो क्वचितच कुणाला दिसतो. दोन महिन्यांनी पुन्हा विचाराल तेव्हा उत्तर तसूभर तरी सरकलंय का, ते बघा. आणि रोज रात्री तासभर त्याच्या कहाण्या ऐकायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर ते हळूच परत करा. "हे सगळं ऐकायला एखादी समुपदेशक किंवा तुझी जवळची मैत्रीण माझ्यापेक्षा बरी, कारण मी यात गुंतलोय" असं म्हणण्यात काही क्रूर नाही. जो जखम बांधतो, त्याच्याबद्दलची कृतज्ञता आणि प्रेम यांची गल्लत फार लवकर होते, दोन्ही बाजूंनी.

दोन्ही बाजूंनी म्हणाले, कारण तुमचीही तीन वर्षं आहेत. पहाटेचा मेसेज तुम्हाला नुसता आवडत नाही, तुम्हालाही त्याची भूक होती. कुणीतरी आपल्याला इतकं हवं म्हणतंय, या सुखात ती माणूस म्हणून आपल्याला कितपत पटते, हे बघायचं राहून जातं. तिचे मेसेज निम्मे झाले, तर तुम्हाला ती तितकीच आवडेल का? तिच्यातल्या कोणत्या गोष्टी तुम्हाला खटकतात? दोन महिन्यांत एकही सापडली नसेल, तर तिच्यासारखाच तुम्हीही एका चित्राच्या प्रेमात आहात.

आईवडिलांची भेट पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा हे बोलणं या आठवड्यातच उरका. ऐन भेटीच्या तोंडावर नाही म्हणालात तर तिला त्यांच्यासमोर अपमान झाल्यासारखं वाटेल. फोनवर नको, रात्री साडेदहाला तर नकोच. सुट्टीच्या दिवशी सकाळी, दोघांची झोप झालेली असताना भेटा, आणि बोलून झाल्यावर लगेच निघू नका. दोन महिन्यांनंतर कसं झालं ते मला नक्की कळवा.

तुमची ताई